अनामत परत कधी? उत्तर जुन्या करारांत आहे

पुण्यामुंबईत भाड्याच्या जागेत दुकानं चालवणाऱ्या एखाद्या कंपनीकडे दहा वर्षांचे दोनेकशे लिव्ह अँड लायसन्स करार सहज साठलेले असतात. नवी जागा घ्यायची ठरली की कोणीतरी म्हणतं, ‘मागच्या वेळचा काढा.’ नाव, पत्ता, भाडं, मुदत बदलली जाते, बाकी मजकूर तसाच राहतो. मागच्या मालकाच्या हट्टापायी घातलेली एखादी अट अशा रीतीनं नव्या मालकाच्या करारातही येऊन बसते, आणि ती कुठून आली हे कोणालाच सांगता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे कलमांचा संग्रह. सगळे करार उलगडायचे, प्रत्येक कलमाला त्याच्या प्रकाराचं लेबल लावायचं, आणि एकाच प्रकारची कलमं शेजारी मांडून त्यांच्या शब्दरचनेत कुठे काय फरक आहे ते नोंदवायचं. हे काम कसं चालतं ते अनामतीच्या, म्हणजे डिपॉझिटच्या एकाच कलमावर दाखवतो, कारण पैसे अडकतात ते बहुतेक इथंच.

सुरुवात कागदांपासून होते. सह्या झालेली आणि नोंदणी झालेली प्रतच घ्यायची. कॉम्प्युटरवर पडलेला मसुदा चालत नाही, कारण शेवटच्या बैठकीत खोडून बदललेली ओळ त्यात नसते. कराराला नंतर पुरवणी जोडली असेल, तर तीही सोबत हवी. प्रत्येक करारापुढे तारीख, शहर, जागा राहण्याची की दुकानाची, आणि मसुदा कोणाच्या वकिलानं केला हे लिहायचं. हा शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात, आणि पुढे तोच सर्वांत उपयोगी पडतो. करारात आधार आणि पॅन क्रमांक असतात, तेव्हा संग्रहात मजकूर घेताना ते आणि नावं काढून टाकायची.

मग लेबलं. वाटतं तितकं हे सोपं नाही, कारण करारातलं शीर्षक भरवशाचं नसतं. ‘मुदत’ या शीर्षकाखालचं हे कलम पाहा: ‘कराराची मुदत ३६ महिने राहील. पहिल्या १२ महिन्यांत कोणासही करार संपवता येणार नाही. भाडेकरूने तो संपवल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे अनामत रकमेतून वळते केले जाईल.’ परिच्छेद एक, पण त्यात मुदत आहे, लॉक-इन आहे आणि अनामतीतली वजावटही आहे. फक्त ‘अनामत’ शीर्षकाखालची कलमं गोळा करणाऱ्याच्या हातून ही तिसरी ओळ निसटते. म्हणून लेबल परिच्छेदाला न लावता वाक्याला लावायचं, आणि एका वाक्याला दोन लेबलं लागत असतील तर दोन्ही लावायची.

प्रत्येक लेबलाची व्याख्या आधी कागदावर उतरवावी लागते. ‘अनामत परतावा’ म्हणजे रक्कम कधी, कोणत्या अटीवर आणि कशी परत मिळणार हे सांगणारं वाक्य. रक्कम किती हे सांगणारं वाक्य त्यात धरायचं नाही. अशी व्याख्या झाली की दोन माणसांनी तेच तीसचाळीस करार एकमेकांचं न पाहता वाचायचे आणि मग लेबलं ताडून पाहायची. जिथे जुळत नाहीत, तिथे बहुधा दोघांपैकी कोणीच चुकलेलं नसतं, व्याख्याच कच्ची असते. ती दुरुस्त करून आधीची लेबलं पुन्हा तपासायची. हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून गाळला, तर पुढची सगळी मोजदाद खोटी ठरते.

आता अनामत परताव्याची सगळी वाक्यं शेजारी मांडू. नावं, रकमा आणि तारखांच्या जागी रिकाम्या चौकटी ठेवल्या की दोनशे वाक्यांच्या मोजक्याच जाती उरतात. एक म्हणते, ‘ताबा देतेवेळी अनामत परत केली जाईल.’ दुसरी म्हणते, ‘ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत.’ तिसरीत ‘थकबाकी व नुकसानभरपाई वजा करून’ असतं. चौथीत ‘सर्व देयके चुकती झाल्याबद्दल मालकाचे समाधान झाल्यावर’. पाचवी भाडेकरूच्या वकिलानं लिहिलेली दिसते: अनामत परत मिळेपर्यंत भाडं न देता जागेत राहण्याचा हक्क, वर उशिराचं व्याज. आणि सहावी जात म्हणजे मौन. अनामत घेतल्याचं लिहिलेलं, परताव्याबद्दल अवाक्षर नाही. संग्रहात या मौनाचीही नोंद हवी, कारण वाद तिथेही होतोच.

‘अनामत रक्कम’ आणि ‘सुरक्षा ठेव’ हा फरक वरवरचा, तो सोडून द्यायचा. खरा फरक चार प्रश्नांनी कळतो: आधी कोण हात सोडतो, किती दिवसांत, वजावट कोण ठरवतो, आणि उशीर झाला तर काय? पहिल्या जातीत चावी आणि चेक एकाच वेळी हात बदलतात. दुसरीत भाडेकरू चावी देऊन महिनाभर वाट पाहतो. चौथीत वाट किती पाहायची याला मर्यादाच नाही, कारण मालकाचं समाधान कधी व्हावं हे लिहिलेलं नाही. प्रत्येक नमुन्यापुढे ही चार उत्तरं आणि तो कोणाच्या बाजूचा आहे, एवढं लिहिलं की संग्रह कामाचा होतो. नुसता मजकूर साठवला, तर तो नकलेचा आणखी एक कागद.

एकाच शब्दांचं वजन जागेप्रमाणे बदलतं, हेही नोंदवावं लागतं. ‘मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट रक्कम द्यावी लागेल’ ही ओळ घराच्या आणि दुकानाच्या करारांत सारखीच दिसते. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेबाबत हे दुप्पट नुकसान महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ मध्येच सांगितलं आहे. दुकानाला ते कलम लागू नाही. तिथे ही ओळ फक्त कराराच्या जोरावर उभी असते, आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वाजवी भरपाईची कमाल मर्यादा ठरते; ती सगळी मिळेलच असं नाही. म्हणून ‘घर’ आणि ‘दुकान’ असा रकाना वेगळा ठेवल्याशिवाय ही ओळ संग्रहात घेऊ नये.

यानंतर मोह होतो तो सर्वांत जास्त वेळा आलेलं कलम आदर्श मानण्याचा. समजा, चौथी जात ९० करारांत सापडली. त्यातले ८० एकाच वकिलाच्या मसुद्यातून आले असतील, तर नव्वद हा आकडा त्या वकिलाची सवय सांगतो, बाजाराची रीत नाही. मसुदा कोणी केला हा रकाना इथे कामी येतो. आकड्यापेक्षा मोलाची माहिती वेगळी असते: कोणत्या शब्दांवर भांडण झालं, कोणत्या करारात अनामत अडकली, कोणत्यात विनातक्रार मिळाली. ती करारात लिहिलेली नसते. हिशेब खात्यातल्या माणसाला विचारूनच ती नोंदवावी लागते.

मग निवड करायची. भाडेकरू कंपनीनं पहिली जात आपला नेहमीचा मजकूर म्हणून ठेवावी. मालक अडला तर तिसरी मान्य करावी, पण वजावटीची बिलं दाखवण्याची आणि ठरावीक दिवसांत उरलेली रक्कम देण्याची अट जोडून. चौथी मान्य करू नये. मालकाच्या बाजूनं संग्रह करणारा हाच क्रम जवळपास उलटा लावील, आणि तेही बरोबरच आहे.

शेवटी प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी तपासली आणि कोणत्या तारखेला, हे लिहिलेलं असावं. कायदा बदलतो, न्यायालयाचे निकाल येतात, आणि कपाटातलं कलम तसंच राहतं. ज्या नोंदीपुढे नाव आणि तारीख नाही, ती नव्या करारात वापरू नका.