रविवारी एकटीनं सिद्धगड

कल्याण-मुरबाडकडच्या एखाद्या घरातला नवरा दर महिन्याला ट्रेकला निघाला, तर लोक त्याला छंद म्हणतात. बायको मैत्रिणींबरोबर सिद्धगडला निघाली, तर हळूच विचारतात, 'घरी सगळं ठीक आहे ना?' या प्रश्नामागे एक पक्का समज आहे, की जोडपं जितका वेळ एकत्र, तितकं ते जवळ.

याला संशोधनाचा आधार अर्धाच मिळतो. आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांनी २००० साली जोडप्यांवर एक मजेशीर प्रयोग केला. काही जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधून, दोघांच्या अंगांमध्ये उशी धरून, ती हातांनी न सावरता त्यांना चटयांवरून रांगत अडथळा ओलांडायला लावलं. वेळ जेमतेम सात मिनिटं. इतरांना साधं, संथ काम दिलं. नंतर धडपडलेली जोडपी आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी आढळली. दोन्ही गट बरोबरच होते, फरक होता तो कामातल्या नवेपणाचा आणि धडपडीचा. रोज रात्री एका सोफ्यावर बसून दोन मोबाइल बघणं हेही सोबत राहणंच, पण त्यातून नात्यात नवं काही येत नाही.

दुसरा समज जास्त नुकसान करतो : घराबाहेर पडलं, की झाला स्वतःचा वेळ. समजा, कल्याणची एक बाई रविवारी सिद्धगडला निघाली आहे. पहाटे पाचला घर सोडायचं, नारिवलीहून चढून माचीवरच्या सिद्धगडवाडीत पोचायचं, तिथून बालेकिल्ल्याची घसाऱ्याची चढण, आणि घरी परत यायला रात्रीचे आठ. म्हणजे पंधरा तास. पण तिनं साडेतीनला उठून दोन वेळचा स्वयंपाक केला, सासूबाईंच्या गोळ्या वाट्यांत काढून ठेवल्या, फ्रिजवर सूचनांचा कागद लावला आणि परतल्यावर सोमवारच्या डब्याची भाजी निवडली, तर घरकाम तसंच राहिलं, फक्त त्याच्या वेळा पुढे-मागे झाल्या. माचीवरून तिचा फोन येतो, 'मुलाला खोकल्याचं औषध दिलं का?' अशा वेळी अर्धी बाई घरीच असते.

हे एकाच घराचं नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. त्यामुळे 'आपण दोघंही मोकळे आहोत, ज्याला वाटेल त्यानं जावं' ही समता कागदावरच राहते. नवऱ्याचा रविवार आपसूक मोकळा असतो, बायकोचा मोकळा करावा लागतो. तो करायचा म्हणजे कागद न लावता दिवस सोपवायचा. सिलिंडर संपला, मुलगा रडला, वरण करपलं, तर ते घरी असलेल्यानं निस्तरायचं, आणि तिनं परतल्यावर त्याबद्दल काही बोलायचं नाही. हे शेवटचं बायकांनाही जड जातं, हे मान्य करायला हवं. तिची पाळी 'कधीतरी' न ठेवता कॅलेंडरवर तारीख घालून ठेवावी, कारण 'कधीतरी'चा रविवार क्वचितच उजाडतो.

तिसरा समज असा, की एकरूप संसारात दोघांची मतं, माणसं, पत्रंही एकच असावीत. सुनीता देशपांडे यांचा जी. ए. कुलकर्णींशी झालेला पत्रव्यवहार त्यांचा स्वतःचा होता, तो पुढे 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आला. १९९०च्या 'आहे मनोहर तरी'मध्ये त्यांनी पु. लं.शी असलेले मतभेद आणि तक्रारी लपवल्या नाहीत. त्याच दोघांनी बोरकरांच्या, आरती प्रभूंच्या कवितांचं जाहीर वाचन मिळून केलं. त्यांचा संसार आदर्श होता असं त्या स्वतःही म्हणाल्या नसत्या. पण दोन स्वतंत्र वाचक असलेलं घर मोडतंच, असं नाही.

मग जोडपी दुरावतात कुठे? बऱ्याचदा परतल्यावरच्या पहिल्या तासात. शेली गेबल यांनी २००४च्या अभ्यासात जोडीदाराच्या आनंदाच्या बातमीला मिळणारे चार प्रतिसाद पाहिले : रस घेऊन विचारणं, मुकाट 'छान' म्हणणं, खोट काढणं आणि विषयच बदलणं. चांगल्या नात्याशी सांगड दिसली ती पहिल्या प्रतिसादाची. यावरून कारण सिद्ध होत नाही, कारण सुखी माणसं मुळातच जास्त विचारपूस करत असतील. तरीही 'बालेकिल्ल्याच्या वाटेवर भीती नाही वाटली?' आणि 'पाय दुखतात ना, मग जातेस कशाला?' यांतला फरक घरात सगळ्यांना कळतो. सांगणाऱ्याकडूनही चूक होते. 'तुला नाही कळणार' म्हणत गोष्ट दोन वाक्यांत गुंडाळली जाऊ लागली, ट्रेकचा खर्च लपवला जाऊ लागला, किंवा भांडण झालं की नेमका ट्रेक ठरू लागला, तर तो दुरावाच आहे.

फोनचंही तेच. डोंगरात रेंजचा भरवसा नाही. निघण्याआधी सोबत कोण, कोणत्या वाटेनं आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, एवढं ठरलेलं असलं की घरच्याला घोर लागत नाही. दर तासाला लोकेशन मागणं त्याहून वेगळं. त्यात काळजीचा भाग थोडा असतो, नजर ठेवण्याचा जास्त. आणि ते मागणाऱ्याला, तो स्वतः ट्रेकला जातो तेव्हा, असं कुणी मागितलेलं चालेल का, हे विचारून पाहावं.