सांगाडा सूत्र

सांगाडा सूत्र : कार्बनी संयुगाच्या रेणूतील कार्बन अणू व त्यांना जोडलेले हायड्रोजन अणू अक्षरांनी न दाखविता केवळ रेषांच्या साहाय्याने रेणूची संरचना दर्शविणारी आकृती. यात प्रत्येक रेषा म्हणजे एक बंध होय. रेषा जेथे संपते किंवा दुसऱ्या रेषेस मिळते, तेथे दुसऱ्या मूलद्रव्याचे चिन्ह नसल्यास एक कार्बन अणू आहे असे समजतात. कार्बनाची संयुजा चार असल्यामुळे विद्युत् भाररहित रेणूत अशा बिंदूपाशी चारांहून जितके बंध कमी दिसतात, तितके हायड्रोजन अणू त्याला जोडलेले असतात. ऑक्सिजन, नायट्रोजन इ. अणू मात्र चिन्हांनी लिहितात व त्यांना जोडलेला हायड्रोजनही त्यांच्यासोबत लिहितात.

संक्षिप्त सूत्र एका ओळीत लिहिलेले असते. त्यावरून सांगाडा सूत्र काढताना कोणता अणू कोणाला जोडलेला आहे, हे प्रथम ठरवावे लागते. गवती चहाच्या तेलातील मुख्य घटक सिट्राल (C₁₀H₁₆O) हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याचे संक्षिप्त सूत्र पुढीलप्रमाणे आहे :

(CH₃)₂C=CHCH₂CH₂C(CH₃)=CHCHO

येथे आरंभीच्या कंसातील दोन्ही CH₃ गट कंसानंतरच्या कार्बनाला जोडलेले आहेत. ते एकमेकांना जोडलेले नाहीत. मधल्या कंसातील CH₃ हा कंसापूर्वीच्या कार्बनावरील शाखा आहे आणि त्यानंतरचा द्विबंधही त्याच कार्बनापासून निघतो. शेवटचा CHO हा आल्डिहाइड गट होय. त्यात H आणि O हे दोन्ही कार्बनालाच जोडलेले असून ऑक्सिजनाशी द्विबंध असतो. अक्षरांच्या क्रमानुसार तो C–H–O असा वाचल्यास हायड्रोजनाला दोन बंध द्यावे लागतात, तर C–O–H असा वाचल्यास कार्बनाचे दोनच बंध होतात. त्यामुळे हे दोन्ही अर्थ त्याज्य ठरतात.

यानंतर सर्वांत लांब साखळी निवडतात. आरंभीच्या दोन CH₃ पैकी एक धरून CHO मधील कार्बनापर्यंत मोजल्यास तीत आठ कार्बन अणू येतात. आठ बिंदू जोडण्यास सात रेषा लागतात. आठ रेषा काढल्यास एक कार्बन वाढतो. या सात रेषा करवतीच्या दात्यांप्रमाणे वरखाली, परस्परांशी सु. १२०° चा कोन करून काढतात. डावीकडून बिंदूंना क्रमांक दिल्यास २ व ३ आणि ६ व ७ या बिंदूंमध्ये द्विबंधाची दुसरी रेषा येते. बिंदू २ व ६ यांपासून दात्याच्या बाहेरच्या बाजूस प्रत्येकी एक शाखा निघते आणि बिंदू ८ पासून दुहेरी रेषेने O जोडतात. (हे क्रमांक केवळ आकृतीपुरते आहेत, नामकरणात क्रमांक आल्डिहाइड गटाकडून देतात.)

आकृती पडताळण्यासाठी हायड्रोजन मोजतात. बिंदू १ ते ८ वर अनुक्रमे ३, ०, १, २, २, ०, १ व १ आणि दोन शाखांच्या टोकांवर प्रत्येकी ३, असे एकूण १६ हायड्रोजन अणू येतात. तथापि केवळ बेरीज जुळणे पुरेसे नाही. दुसरा द्विबंध चुकून ५ व ६ या बिंदूंमध्ये काढला, तरी बेरीज १६ च येते. मात्र ती आकृती वेगळ्या समघटकाची होते. ही चूक बिंदूवार तुलनेत उघड होते. त्या आकृतीत बिंदू ५ वर एक व बिंदू ७ वर दोन हायड्रोजन येतात, तर मूळ सूत्रात त्या जागी अनुक्रमे CH₂ व CH आहेत. म्हणून प्रत्येक बिंदूवरील हायड्रोजन संक्षिप्त सूत्रातील संबंधित गटाशी ताडून पाहणे आवश्यक असते.

एक बाब मात्र वरील संक्षिप्त सूत्रावरून ठरत नाही. ६ व ७ या बिंदूंमधील द्विबंधाभोवती मुक्त परिभ्रमण होत नसल्यामुळे CHO गट आणि उरलेली साखळी द्विबंधाच्या विरुद्ध बाजूंस असू शकतात किंवा एकाच बाजूस. पहिल्या रूपास जेरॅनिअल व दुसऱ्यास नेराल म्हणतात. नैसर्गिक सिट्राल हे या दोहोंचे मिश्रण असते. सरळ पुढे जाणारी दंतुर साखळी काढली की ती आपोआप जेरॅनिअल दर्शविते. म्हणजे सूत्रात नसलेले विधान आकृतीत केले जाते. नेरालच्या आकृतीत साखळी या द्विबंधापाशी मागे वळवावी लागते. रूप अनिश्चित असल्यास द्विबंधालगतचा एक एकबंध तरंगाकार रेषेने काढतात. २ व ३ मधील द्विबंधाबाबत हा प्रश्न उद्‌भवत नाही, कारण बिंदू २ वर दोन सारखेच CH₃ गट असल्याने त्यांची अदलाबदल केली तरी रेणू तोच राहतो.