बदामांची मोजदाद

इन्स्टाग्रामवरील चित्राखालचा बदाम दाबण्यास क्षणही लागत नाही, आणि म्हणूनच त्याचे मोलही बेताचे असते. चित्र देखणे आहे किंवा टाकणारा ओळखीचा आहे, एवढे निमित्त त्याला पुरते. मजकूर जपून ठेवणारा, म्हणजे ‘सेव्ह’ करणारा, मात्र तो पुन्हा लागेल असे मानत असतो. आणि दुसऱ्याला पाठविणारा तर आपली पत पणाला लावतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये जे सांगितले ते याला धरूनच आहे. पाहण्यात गेलेला वेळ, पसंती आणि पाठवणी यांना मोठे वजन असते, आणि अनोळखी लोकांपर्यंत मजकूर नेण्यात पाठवणी पसंतीहून अधिक कामी येते. जपणुकीचे नाव या तिघांत नाही. तथापि उपयुक्ततेची खूण म्हणून तिची योग्यता कमी होत नाही.

समजा, एका कृषिविषयक खात्याने मे महिन्यात दोन गोष्टी प्रसिद्ध केल्या. एक, मावळतीच्या उजेडातील सोयाबीनचे शेत; दुसरी, घरच्या बियाण्याच्या उगवणचाचणीची रीत. दोन्ही दहा-दहा हजार लोकांनी पाहिल्या. शेताला नऊशे बदाम मिळाले, पण ते पाठविले आठ जणांनी. चाचणीला बदाम तीनशेच; परंतु जपणारे चारशे आणि पाठविणारे अडीचशे. म्हणजे दर शंभर प्रेक्षकांमागे अडीच पाठवण्या. हा भागाकार न करता नुसती बेरीज पाहणारा पुढच्या आठवड्यात पुन्हा सूर्यास्तच टाकणार!

दुसऱ्या मजकुराचे यश त्याच्या बांधणीत आहे. पहिल्याच चौकटीत ‘घरचे सोयाबीन पेरणार आहात?’ असा प्रश्न आहे; तो वाचताच कोणाला पाठवावे, हे वाचकाला सुचते. पुढे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे, गुंडाळी सावलीत, सहा-सात दिवसांनी मोजणी. शेवटी तक्ता: सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर एकरी तीस किलो बियाणे, त्याखाली दर टक्क्यामागे अर्धा किलो जादा. हा तक्ता स्वतंत्र चौकटीत, ठळक अक्षरांत, साल व आधार यांसह हवा. कारण चित्र व्हॉट्सॲपवर फिरू लागले की खालचे निवेदन गळून पडते. ‘जरूर जपून ठेवा’ अशी विनवणी त्याची जागा घेऊ शकत नाही.

पाठवणीलाही एक वैगुण्य आहे. फेसबुकने २०१८ मध्ये प्रतिक्रिया व फेरवाटप यांचे वजन वाढविले. त्यामुळे संताप चेतविणारा मजकूर वर येतो, अशी कंपनीच्याच संशोधकांची नोंद २०२१ मध्ये उघड झाली. म्हणून पाठवणी भरपूर आणि जपणूक नगण्य असेल, तर मजकूर उपयोगाचा आहे की नुसता खळबळीचा, हे तपासणे भाग आहे. विनोदाचेही आकडे असेच दिसतात, हे मात्र लक्षात ठेवावे. शिवाय पडद्याचे छायाचित्र काढून तक्ता आपल्या फोनमध्ये ठेवणारा शेतकरी या जपणुकीच्या आकड्यात कोठेच येत नाही.