‘सेव्ह’ दाबण्याआधी

वाचनालयाच्या सभासदांची माहिती गूगल फॉर्मवर भरून घेतली, शीटमधून ती सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून घेतली आणि डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, की ‘सविता’ या नावाच्या जागी हे दिसतं:

```
à¤¸à¤µà¤¿à¤¤à¤¾
```

अशा शेकडो ओळी समोर आल्या की फाइल खराब झाली असंच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात या क्षणी फाइलला काहीही झालेलं नसतं. ती आहे तशीच बंद केली तर एकही अक्षर हरवत नाही. नुकसान होतं ते पुढच्या दोन-चार मिनिटांत, आपण घाईने जे करतो त्यामुळे.

संगणक फाइलमध्ये अक्षरं ठेवत नाही, आकडे ठेवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवणाऱ्या याद्या वेगवेगळ्या आहेत. आज जवळजवळ सगळीकडे वापरली जाणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘सविता’मध्ये स, व, वेलांटी, त आणि काना अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे पंधरा बाइट. त्यातला ‘स’ फाइलमध्ये E0 A4 B8 असा लिहिलेला असतो.

सीएसव्ही ही अगदी साधी फाइल आहे. स्वल्पविरामांनी वेगळा केलेला मजकूर, बाकी काही नाही. आपण कोणत्या यादीनुसार लिहिलेलो आहोत हे सांगायला तिच्यात जागाच नाही. मग डबल-क्लिक केल्यावर विंडोजवरचं एक्सेल विंडोजची जुनी यादी धरून चालतं. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर ती पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेली १२५२ क्रमांकाची यादी असते. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, त्यामुळे E0 चा होतो à, A4 चा ¤ आणि B8 चा ¸. एका ‘स’ची तीन चिन्हं झाली ती अशी. देवनागरीची सगळी चिन्हं E0 A4 किंवा E0 A5 नेच सुरू होतात, म्हणून पडद्यावर à¤ आणि à¥ यांचीच रांग लागलेली दिसते. ही रांग दिसली की निःशंक समजावं, मजकूर शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकतो आहे.

म्हणून पहिली गोष्ट, काहीही सेव्ह न करता फाइल बंद करायची. मग एक्सेलमध्ये कोरी वर्कबुक उघडून Data मध्ये From Text/CSV निवडायचं आणि तीच फाइल दाखवायची. समोर येणाऱ्या चौकटीत वर File Origin असं लिहिलेलं असतं. तिथल्या यादीतून 65001: Unicode (UTF-8) निवडलं की खालच्या नमुन्यात ‘सविता’ लगेच सरळ दिसू लागते. नमुना डोळ्यांनी पाहूनच Load करावं. सभासद क्रमांक ००१२७ अशा शून्यांनी सुरू होत असतील तर Load ऐवजी Transform Data मध्ये जाऊन तो रकाना Text करून घ्यावा, नाहीतर पुढची शून्यं उडतात. लिब्रेऑफिसमध्ये हा प्रश्न फाइल उघडतानाच विचारला जातो, तिथेही Unicode (UTF-8) हेच उत्तर.

अर्धं काम इथे झालं. उरलेलं अर्धं सेव्ह करताना आहे आणि बहुतेकांचं तिथेच बिनसतं. Save As मध्ये CSV (Comma delimited) असा एक पर्याय दिसतो. तो निवडला की एक्सेल पुन्हा त्याच जुन्या यादीत लिहितं आणि त्या यादीत देवनागरी अक्षरं मुळात नाहीतच. मग प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसतं आणि ‘सविता’ची होते ?????. ही खरी हानी. ‘स’साठीही तेच प्रश्नचिन्ह आणि ‘त’साठीही तेच, त्यामुळे त्यावरून मूळ नाव काढून देणारा कोणताही उपाय नाही. सीएसव्हीच हवी असेल तर CSV UTF-8 (Comma delimited) हा वेगळा पर्याय निवडावा. तो फाइलच्या अगदी सुरुवातीला EF BB BF असे तीन बाइट ठेवतो. ती खूण दिसली की एक्सेल पुढच्या वेळी डबल-क्लिकवरही मराठी नीट वाचतं. जुन्या एक्सेलमध्ये हा पर्याय नसेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून Save As च्या चौकटीत Encoding समोर UTF-8 with BOM निवडावं, तीच खूण बसते.

एका वाचनालयात झालेला प्रकार मला फार लागला. तिथल्या ताईंनी बिघडलेली यादी पाहिली आणि जुन्या रजिस्टरवरून एकेक नाव हाताने पुन्हा टंकायला घेतलं. दुपारभर बसून जवळपास निम्मी यादी झाली, मग त्यांनी Ctrl+S दाबलं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर हाताने लिहिलेल्या सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं झालेली आणि ज्यांना हात लावला नव्हता ती नावं अजून à¤ च्या रांगेतच. कारण तेच, डबल-क्लिकने उघडलेली सीएसव्ही Ctrl+S केल्यावर जुन्या यादीतच लिहिली जाते. वाईट दिसणारा भाग पुढे पूर्ण वाचवता आला. नीट दिसणारा भाग मात्र गेला होता. मूळ फॉर्म गूगलवर होता म्हणून निभावलं.

à¤ ची रांग एक्सेलच्या .xlsx फाइलमध्ये सेव्ह झाली असेल आणि मूळ सीएसव्ही हाती नसेल, तर जो पर्याय आत्ता टाळायला सांगितला तोच कामी येतो. आधी त्या फाइलची प्रत काढावी. मधे कोणी नीट मराठीत लिहिलेल्या ओळी असतील तर त्या दुसऱ्या शीटवर हलवाव्यात. मग बिघडलेली शीट CSV (Comma delimited) म्हणून सेव्ह करावी. à पुन्हा E0 म्हणून लिहिला जातो, ¤ पुन्हा A4 म्हणून, आणि अशा रीतीने मूळ यूटीएफ-८ बाइट परत तयार होतात. ही नवी फाइल वर सांगितल्याप्रमाणे 65001 ने आत घेतली की नावं उलगडतात. संगणकाची जुनी यादी १२५२ असेल तरच हे जमतं.

यातही एक कच्चा दुवा आहे आणि तो नेमका मराठीच्या वर्मी लागतो. १२५२ च्या यादीत पाच जागा रिकाम्या आहेत. पाय मोडण्याची खूण E0 A5 8D आहे आणि पहिला उकार E0 A5 81. दोन्हींचा शेवटचा बाइट अशाच रिकाम्या जागेवर पडतो. झ, ए आणि ऐ यांचीही तीच गत. पडद्यावर या बाइटचं काहीच दिसत नाही. रांग तशीच एक्सेलमध्ये राहिली तर तो सहसा टिकतो, पण ती ईमेलमध्ये किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चिकटवली, की न दिसणारी चिन्हं गाळली जाऊ शकतात. ‘ठ’चा शेवटचा बाइटही रिकाम्या जागेसारखा दिसतो आणि अशा उलाढालीत साधी स्पेस होऊन बसतो. म्हणून दुरुस्त झालेली यादी तपासताना ‘सविता’ नीट दिसते यावर समाधान मानू नये. ‘कुलकर्णी’ शोधावं, कारण त्यात उकारही आहे आणि जोडाक्षरही, मग ‘पाठक’ आणि ‘झेंडे’ पाहावेत. ही नावं धड उतरली असतील तर यादी वापरायला घ्यावी. त्यांच्यात चौकोनात प्रश्नचिन्ह असलेली काळी खूण दिसली तर तिथले बाइट गळलेत असं धरून तेवढी नावं रजिस्टरवरून भरावीत आणि फाइल .xlsx मध्येच ठेवावी.