पॅनेलवरची फुली

थॅलेसेमियाच्या रुग्णाला वरचेवर रक्त घ्यावे लागते आणि दात्यांच्या लाल पेशींवरील जे प्रतिजन त्याच्या स्वतःच्या पेशींवर नसतात, त्यांच्याविरुद्ध त्याच्या शरीरात प्रतिपिंडे, म्हणजेच अलोअँटिबॉडीज, तयार होऊ शकतात. त्यांचा शोध रक्तपेढीत प्रथम दोन-तीन निवडक पेशींवर घेतला जातो. या पेशी ओ गटाच्या असतात, कारण त्यांच्यावर ए आणि बी प्रतिजन नसल्याने रुग्णाची नैसर्गिक अँटि-ए वा अँटि-बी मध्ये येत नाही.

ही चाचणी पॉझिटिव्ह आली की बहुधा 11 पेशींचे पॅनेल लावतात. प्रत्येक पेशीवर कोणते प्रतिजन आहेत आणि कोणते नाहीत, याचा तक्ता, म्हणजे अँटिग्राम, पॅनेलसोबत येतो. जेल कार्डच्या नळीत पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव 37 अंशांवर ठेवून कार्ड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले, की गुठळ्या झालेल्या पेशी जेलच्या वर किंवा मध्येच अडकतात, तर न चिकटलेल्या पेशी तळाशी लाल ठिपक्यासारख्या बसतात.

या तळाशी बसलेल्या, म्हणजे निगेटिव्ह पेशीच तंत्रज्ञाला अधिक सांगतात. त्या पेशीवर जो प्रतिजन आहे, त्याविरुद्धचे प्रतिपिंड रक्तद्रवात असते तर ती पेशी चिकटली असती, असा तर्क करून तक्त्यातील त्या प्रतिजनावर फुली मारली जाते. पण आरएच गटातील सी आणि ई यांसारख्या जोड्या, डफी, किड आणि एमएनएस या गटांत मात्रेचा परिणाम दिसतो. दोन्ही जनुके सारखी असलेल्या पेशीवर प्रतिजन दुप्पट असतो आणि क्षीण प्रतिपिंड कित्येकदा तिच्यावरच उमटते. म्हणून फुली दुहेरी मात्रेच्या पेशीवरूनच मारावी, ही शिस्त आहे.

उदाहरणार्थ, एका पॅनेलमध्ये ई असलेल्या तीनच पेशी पॉझिटिव्ह आणि उरलेल्या आठ निगेटिव्ह आल्या, तर अँटि-ईचा नमुना तंतोतंत जुळतो. तथापि जेके-ए हा किड प्रतिजन दुहेरी मात्रेत असलेल्या दोन्ही पेशी ई असलेल्यांपैकीच निघाल्या, तर निगेटिव्ह पेशींवर जेके-ए फक्त एकेरी मात्रेत राहतो. तेथे फुली मारण्याचा मोह टाळून, दुसऱ्या पॅनेलमधून ई नसलेल्या पण जेके-ए दुहेरी मात्रेत असलेल्या पेशी आणून लावाव्या लागतात. त्या पेशी क्षीण का होईना पॉझिटिव्ह आल्या, तर अँटि-ईच्या आड अँटि-जेके-एही दडलेली असण्याचा दाट संशय येतो आणि अशाच आणखी पेशींवर तो पक्का करावा लागतो. हे प्रतिपिंड काही महिन्यांत चाचणीला सापडणार नाही इतके घटते, पण पुढच्या रक्तानंतर झपाट्याने वाढून दात्याच्या पेशी काही दिवसांनी फोडते.

म्हणून अशा रुग्णाला ई आणि जेके-ए दोन्ही नसलेले, क्रॉसमॅच जुळणारे रक्तच द्यावे, आणि पुढील चाचणी निगेटिव्ह आली तरी ही नोंद त्याच्या कार्डावरून काढू नये.