न संपणारी चित्रं – भाग ७ : सांध्यावरचा हिसका

पावसाचा लूप आज घेणार होतो, पण तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मुलुंडच्या एका वाचकाने आपली चार सेकंदांची क्लिप पाठवली आणि ती पाहिल्यावर दुसरं काही सुचेना. लोकलच्या दारातून दिसणारे ओव्हरहेड वायरचे खांब मागे पळतायत आणि वर एक हँडल झुलतंय. त्यांची तक्रार अशी: "पहिली आणि शेवटची फ्रेम तंतोतंत सारखी केली, तरी दर फेरीला हिसका बसतो."

हिसका बसतो तो त्या तंतोतंत सारखेपणामुळेच. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे चार सेकंदांत १२० फ्रेम, ० ते ११९. खांबांमधलं अंतर ६०० पिक्सेल. चार खांब सरकले, म्हणजे २४०० पिक्सेल झाले, की चित्र पुन्हा मूळ जागी येतं. त्यांनी २४०० ची की ११९ व्या फ्रेमवर ठेवली होती. त्यामुळे ११९ आणि त्यानंतर येणारी ० ही एकच चित्रं झाली आणि गाडी एक फ्रेमभर थबकली. ही की १२० वर ठेवायची आणि रेंडर मात्र ११९ ला थांबवायचं. मग दर फ्रेमला बरोबर २० पिक्सेल सरकतात, सांध्यावरही तेवढेच. हालचाल लिनियर ठेवा, नाहीतर गाडी सांध्यापाशी ब्रेक लावते.

एवढं केल्यावर खांब सुरळीत पळू लागले, पण हँडलचा हिसका राहिलाच. ते ४८ फ्रेममध्ये एक झोका पूर्ण करत होतं, म्हणजे १२० फ्रेममध्ये अडीच झोके. सुरुवातीला ते मधोमध होतं आणि उजवीकडे निघालं होतं. शेवटीही मधोमधच आलं, पण डावीकडे जाताना. जागा जुळली, दिशा उलटी! असा दोष एकेक फ्रेम थांबवून पाहिली तर सापडत नाही, कारण प्रत्येक चित्र आपल्या जागी बरोबरच असतं.

उपाय सोपा आहे. झोका ४० फ्रेमचा करा, म्हणजे पुरे तीन झोके होतात:

```
angle = 12 * sin(2*pi*3*f/120)
```

यातला ३ म्हणजे झोक्यांची संख्या. ती २ करा, ४ करा, पण पूर्णांकच हवी. १२ अंश हा झोक्याचा आवाका, तो हवा तेवढा घ्या.

तपासायचं कसं? क्लिपच्या तीन प्रती टाइमलाइनवर एकापुढे एक लावा. सांध्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तीन-तीन फ्रेम पुढे-मागे सरकवत हँडलच्या टोकावर बोट धरा. टोक कुठे थबकतंय की उलटं फिरतंय, ते लगेच कळतं.

मुलुंडच्या क्लिपमधलं हँडल आता अखंड झुलतंय. मागच्या इमारती मात्र अजून उडी मारतात. त्या खांबांपेक्षा हळू सरकतात, त्यामुळे त्यांचा हिशोब निराळा. तो पावसाबरोबरच मांडू.