रात्रीच्या चिठ्ठ्या, सकाळची नोंद

नवजात अतिदक्षता विभागात सकाळी आठच्या सुमाराला रात्रपाळीची सिस्टर दिवसपाळीच्या सिस्टरला ‘ओव्हर’ देते. त्याच वेळी निवासी डॉक्टर, म्हणजे रेसिडेंट, प्रत्येक बाळाची दिवसाची नोंद लिहायला बसतो. समोर सिस्टरचा तासातासाचा चार्ट असतो, त्याच्या कडेला घाईत खरडलेल्या ओळी असतात आणि स्वतःच्या खिशातली चिठ्ठी असते. राउंडला सर येण्याआधी या सगळ्यातून एक पान तयार व्हायला हवं. ते कसं होतं, हे एका नमुन्याच्या बाळावर पाहू.

बाळ 30 आठवड्यांचं जन्मलं, जन्मवजन 1200 ग्रॅम. आज आठवा दिवस. जन्माचा दिवस पहिला धरला तर सात दिवस पूर्ण झाले, म्हणजे आईच्या पोटातले आणि बाहेरचे मिळून 31 आठवडे. काही ठिकाणी जन्मदिवस शून्य धरतात, म्हणून कुठली पद्धत चालते ते विभागात एकदाच ठरवून टाकावं लागतं. बाळ सीपॅपवर आहे, म्हणजे श्वास त्याचा स्वतःचा, पण नाकातून दाबाची हवा मिळते. तोंडातून पोटात गेलेल्या नळीने दर दोन तासांनी 10 मिली आईचं दूध चालू आहे, आणि शिरेतून तासाला 2.5 मिली ग्लुकोजचं पाणी.

सिस्टरच्या ओळी अशा: ‘2.10 – बाळ निळसर, हार्ट रेट 78, पायाला टिचकी मारल्यावर आलं. 3.25 – परत तसंच. 4.00 – फीडआधी नळी ओढली, 3 मिली हिरवट. पोटाचा घेर 24, काल संध्याकाळी 22. डॉक्टरांना कळवलं, फीड थांबवलं. 5.00 – टेम्परेचर 36.1, इन्क्युबेटर वाढवला. 5.30 – शुगर 168. 6.00 – फीड नाही.’ डॉक्टरची चिठ्ठी त्याहून आखूड: ‘ऑक्सिजन 25 वरून 35 टक्के. पोट फुगलेलं पण मऊ. सीपॅपमुळे?’

आता या ओळी शरीराच्या एकेका संस्थेखाली लावायच्या. क्रम रुग्णालयागणिक थोडा बदलतो. बहुतेक ठिकाणी आधी श्वसन, मग हृदय, मग पोट-पोषण-पाणी, मग रक्त आणि कावीळ, जंतुसंसर्ग, मेंदू, तापमान, शेवटी नळ्या आणि सुया. क्रम रोज तोच ठेवायचा, म्हणजे काही राहिलं तर मोकळी जागा लगेच दिसते. मोकळ्या जागेत ‘नॉर्मल’ लिहायचं नाही. पाहिलं नसेल तर ‘पाहिलेलं नाही’ असंच लिहायचं. कालची नोंद उचलून आज चिकटवली की ‘पोट मऊ, घेर 22’ ही ओळ तशीच पुढे सरकते. संगणकावर नोंदी आल्यापासून हा रोग वाढलाय, हे माझं स्पष्ट मत आहे.

श्वसनाखाली नुसतं ‘ॲप्निया दोनदा’ लिहून भागत नाही. श्वास वीस सेकंदांहून जास्त थांबला, किंवा कमी वेळ थांबूनही ठोके किंवा ऑक्सिजन उतरला, तर त्याला ॲप्निया म्हणतात. त्यामुळे किती वाजता, ठोके कुठवर उतरले, आणि बाळ आपणहून सावरलं की हात लावावा लागला, हे तिन्ही हवं. शिवाय मागचा संदर्भ हवा: कॅफिन चालू आहे आणि गेले दोन दिवस एकही झटका नव्हता. या एका वाक्याने अर्थ पालटतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ॲप्निया होतोच, पण थांबलेला परत सुरू झाला की कारण शोधावं लागतं.

पोटाच्या रकान्यात हिशेब येतो. बाळ अजून जन्मवजनावर आलेलं नाही, आज 1150 ग्रॅम आहे, तेव्हा हिशेब जन्मवजनावरच करायचा. ऑर्डर किलोला दिवसाला 150 मिलीची होती, म्हणजे 180 मिली. प्रत्यक्षात बारापैकी दहाच फीड गेली: 100 मिली दूध आणि 60 मिली पाणी, एकूण 160. ते पडलं किलोला 133. नोंदीत आकडा मिळालेल्याचा लिहायचा, ऑर्डरचा नाही. चिठ्ठ्यांवरून नोंद करताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण ऑर्डर एका जागी सुबक लिहिलेली असते आणि न दिलेलं फीड चार्टच्या कोपऱ्यात असतं. लघवी डायपर वजन करून मोजतात, एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरून. चोवीस तासांत 86 मिली, म्हणजे किलोला तासाला साधारण 3 मिली. ही ठीक आहे.

मग पोटाचं काय लिहायचं? सिस्टर म्हणते हिरवट, डॉक्टर म्हणतो मऊ. यातलं एक निवडून दुसरं गाळायचं नाही. ‘4.00, सिस्टर: हिरवट 3 मिली, घेर 22 वरून 24. 7.45, डॉक्टर: फुगलेलं, मऊ, दाबल्यावर रडत नाही’ असं दोन्ही वेळेसकट लिहायचं. निरीक्षण आणि अंदाज वेगळे ठेवायचे. ‘सीपॅपमुळे’ हा अंदाज आहे, तो खाली विचाराच्या जागी जाईल. दाबाची हवा पोटात गेल्याने पोट फुगतं हे खरं, पण तेवढ्याने नळीतून हिरवं येत नाही. नळी जठराच्या पुढे आतड्यात सरकली असेल तर येऊ शकतं, म्हणून ती कितव्या खुणेवर आहे हेही नोंदवावं लागतं.

या पद्धतीचा खरा दोष मात्र पुढे आहे. कप्पे पाडले की प्रत्येक कप्प्यातली गोष्ट किरकोळ वाटते. श्वसनात ॲप्निया: दिवस कमी म्हणून. पोट फुगलं: सीपॅप म्हणून. तापमान 36.1, असायला हवं 36.5 ते 37.5: इन्क्युबेटरचं दार बराच वेळ उघडं राहिलं असेल. शुगर 168: ग्लुकोज चालू आहे म्हणून. प्रत्येक कारण पटणारं आहे. पण पहिली ओळ 2.10 ची आणि शेवटची 5.30 ची. साडेतीन तासांत चार संस्था एका वेळी बिघडल्या, तर चार कारणांपेक्षा एकच कारण शोधणं शहाणपणाचं. जंतुसंसर्ग किंवा आतड्याचा दाह, म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, यांची सुरुवात अशीच असते. म्हणून चांगला रेसिडेंट कप्पे भरण्याआधी चिठ्ठ्यांतल्या वेळा एका रेषेवर मांडतो आणि नोंदीच्या माथ्यावर तीन ओळी लिहितो: ‘31 आठवडे, आठवा दिवस, सीपॅप. रात्री 2 पासून ॲप्निया परत, हिरवट स्राव, घेर वाढला, अंग थंड, शुगर वर. संसर्ग किंवा आतड्याचा दाह नाकारायचा आहे.’ राउंडला सर आधी एवढंच वाचतात.

आता प्रत्येक कप्प्याखालची योजना या ओळींना धरून येते. दूध बंद, नळी मोकळी सोडलेली. रक्ताचं कल्चर आधी, मग प्रतिजैविकं. पोटाचा एक्स-रे: आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे आहेत का, पोटात मोकळी हवा आहे का. पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी शंका मिटत नाही, काही तासांनी परत काढावा लागतो, म्हणून योजनेत त्याचीही वेळ घालायची.

एका कप्प्यातला निर्णय दुसऱ्यात कसा खुपतो तेही इथेच दिसतं. दूध थांबल्यावर सगळं पाणी शिरेतून द्यायचं तर तासाला 7.5 मिली लागेल, आत्ताच्या तिप्पट. त्यात 10 टक्के ग्लुकोज तसंच ठेवलं तर साखरही तिप्पट जाईल, आणि शुगर आधीच 168 आहे. म्हणून पोषणाच्या ओळीत ग्लुकोजचं प्रमाण कमी करायचं, आणि दोन तासांनी शुगर परत पाहायची असं तिथेच लिहायचं. नाहीतर दुपारची सिस्टर सकाळचीच बाटली पुढे चालवेल.

शेवटी बाकी कामं: मेंदूची सोनोग्राफी अजून व्हायची आहे, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चार आठवड्यांच्या आत, तारखेसकट. आईला काय सांगितलं ते कोणी आणि किती वाजता सांगितलं, यासह. दूध बंद असलं तरी तिने ते काढत राहायचं, बाटलीवर तारीख-वेळ घालून फ्रीजमध्ये ठेवायचं.